मुलीच्या लग्नात आईने कोणती साडी नेसावी?

प्रश्न: डिसेंबरात पुण्यात मुलीचं लग्न आहे, सकाळचा मुहूर्त. ती विधींना पिवळी अष्टपुत्री आणि नंतर लाल काठाची हिरवी पैठणी नेसणार. मी काय नेसू? अगदी साधं नको, पण तिच्यावर कडीही व्हायला नको.

उत्तर:

अंजिरी किंवा आमसुली रंगाची सिल्कची गढवाल बघा. अंग सपाट, बुट्टे नाहीत, जरीचा काठ साधारण चार बोटं. हा रंग अष्टपुत्रीच्या शेजारी गडद राहतो, त्यामुळे पिवळा आपोआप पुढे येतो, आणि पैठणीच्या हिरव्या-लालशीही त्याची टक्कर होत नाही. दुकानात साडी खांद्यावर टाकून सहा-सात फुटांवरून फ्लॅश मारून फोटो काढायला सांगा. फोटोत रंगाआधी जरी चमकली तर ती साडी ठेवून द्या. टिश्यू आणि भरगच्च ब्रोकेड इथेच बाद होतात, कारण हॉलच्या दिव्यांत त्या पांढरी झाक मारतात.

कपाटातली पैठणीच नेसायची असेल तरी अडचण नाही. मुलीचा पदर मोकळा सोडलेला असेल, तुम्ही तुमच्या पदराच्या चार-पाच बोटं रुंदीच्या प्लेट्स घालून खांद्याला पिन लावा. पदरावरचे मोर घडीत जातात आणि काठ तेवढा दिसतो. एकच साडी, पण थाट निम्म्यावर येतो.

खरा घोळ मात्र साडीत होत नाही, ब्लाउजमध्ये होतो. आजकाल नवरीच्या ब्लाउजच्या पाठीवर आणि बाह्यांवर आरी वर्क असतं, आणि शिवणाऱ्या बाई आईलाही तेच सुचवतात. नका करू. काठाच्या रंगाचं साधं सिल्क, कोपरापर्यंत बाही, बाहीला साडीचाच काठ, एवढं पुरे. पाठीचा गळा पाच-सहा इंचांहून खोल नको, विधींना बराच वेळ पाटावर वाकून बसायचं असतं. ब्लाउज महिनाभर आधी शिवायला टाका आणि दोन्ही बाजूंना इंचभर माया ठेवायला सांगा. आधीच्या पंधरा दिवसांत केळवणं होतात, मग हुक ताणतात.

कन्यादानाचा क्षण डोळ्यांपुढे आणा. वडिलांच्या आणि जोडप्याच्या हातांवर पाण्याची धार आई धरते, आणि फोटोग्राफर नेमका त्या हातांवर जवळ येतो. म्हणजे त्या दिवशी तुमचं सगळ्यात जास्त काय दिसणार, तर मनगटं. मुलीचे हात हिरव्या चुड्याने भरलेले असतात. तुम्हीही चुडा भरला असेलच, त्यात प्रत्येक हाताला एकेक पाटली आणि फार तर दोन सोन्याच्या बांगड्या. तोडे, गोठ, बिलवर सगळं एकदम चढवलं की त्या फोटोत तिचा चुडा मागे पडतो. पदर मोकळा असेल तर तो कलशात अडकतो किंवा पाण्यात भिजतो, हे आणखी एक कारण पिनेचं.

मांडीवर एक स्वच्छ पंचा ठेवा. सपाट सिल्कवर पाण्याचा थेंब वाळला की कडेने वलय उमटतं. थेंब पडलाच तर कोरड्या रुमालाने फक्त टिपा, घासलात तर तिथली चमक जाते. मोतिया, बदामी, श्रीखंडी असे रंग विधींना टाळायला सांगते ते अक्षतांमुळे. त्यांना कुंकू लावलेलं असतं, ओल्या हाताला लागलं की साडीवर येतं आणि फिक्या रंगावरून निघत नाही. त्या साड्या संध्याकाळच्या रिसेप्शनला खुशाल नेसा. होमाजवळ जॉर्जेट किंवा ऑर्गन्झाही नको, त्यातलं बरंच कापड कृत्रिम धाग्याचं असतं आणि ठिणगीने वितळून भोक पडतं.

गळ्यात मंगळसूत्र आणि त्यासोबत एकच दागिना, मोहनमाळ नाहीतर ठुशी. दोन्ही घातले की गळा भरल्यासारखा दिसतो. मुलगी मोत्यांची मोठी नथ घालणार असेल तर तुम्ही नथ राहू द्या, लहानशी चमकी शोभते. यावर घरातल्या मावश्या नाराज होतील, होऊ देत. केसांत अबोलीचा एक पदर माळा. मोगरा डिसेंबरात महाग मिळतो, आणि नवरीच्या खोप्यावर तो आधीच भरपूर असेल.

आणि साडी घेण्याआधी विहीणबाईंना एक फोन करा. त्यांनी अंजिरी आधीच घेतली असेल तर तुम्ही गडद मोरपंखी घ्या, फक्त हिरव्याकडे झुकणारा नको, निळ्याकडे झुकणारा.