बँकेच्या डिस्प्यूट ईमेलमधील तात्पुरत्या क्रेडिटचा अर्थ

प्रश्न: ऑनलाइन मागवलेला मिक्सर आलाच नाही. बँकेच्या ईमेलमध्ये ‘तात्पुरते क्रेडिट दिले आहे, कागदपत्रे सात दिवसांत पाठवा’ असे आहे. पैसे परत मिळाले असे समजायचे का?

उत्तर: नाही, ते क्रेडिट निकाल लागेपर्यंतच आहे, आणि विक्रेत्याने माल पोचवल्याचा पुरावा दिला व तो ग्राह्य धरला गेला, तर तीच रक्कम पुन्हा आपल्या बिलात येईल, म्हणून ती खर्च न करता बाजूला ठेवावी. ईमेलमध्ये प्रथम तक्रारीचे कारण पाहावे, कारण पुरावे त्यावरच ठरतात. आपले कारण ‘माल मिळाला नाही’ हे असल्याने पुढील गोष्टी लागतील:

- ऑर्डरची पुष्टी, ज्यात डिलिव्हरीची कबूल केलेली तारीख दिसते;
- ती तारीख उलटल्यावर विक्रेत्याला केलेली लेखी विचारणा आणि त्याचे उत्तर.

नुसते कार्डाचे स्टेटमेंट पैसे गेल्याचे दाखवते, माल न आल्याचे नाही, आणि बहुतेक जण नेमके तेच पाठवतात. सात दिवस ईमेलच्या तारखेपासून मोजावेत आणि उत्तरात तक्रार क्रमांक लिहावा. विक्रेत्याने डिलिव्हरीची पावती दिल्याचे बँकेने कळवल्यास तिच्यावरचा पत्ता, तारीख व सही तपासून हरकत मुदतीतच नोंदवावी, कारण मुदत टळली की तक्रार सहसा विक्रेत्याच्या बाजूने बंद होते.

मात्र रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकातील, कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम जमा करण्याचा नियम आपल्या संमतीविना झालेल्या व्यवहारांसाठी आहे. न आलेल्या मालासाठी त्याचा आधार घेता येणार नाही.