जुन्या पोस्टबद्दल वर्गात बोलायची १५ मिनिटं

प्रश्न: मी शाळेत शिकवतो. नववी-दहावीच्या मुलांशी डिजिटल फूटप्रिंट आणि जुन्या पोस्ट काढून टाकणं या विषयावर १५ मिनिटं बोलायचं आहे. ‘इंटरनेट काही विसरत नाही’ छापाचं भाषण नकोय. नेमकं काय सांगू?

उत्तर:

मी इंदूरला शाळेत कॉम्प्युटर शिकवते. पहिल्या वेळी मीही तेच घाबरवणारं भाषण ठोकलं होतं. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, “मॅडम, विसरतच नाही तर मग काढायचं कशाला?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी एका मुलाचं प्रकरण सांगते, त्याला विचारून आणि नाव न घेता.

मुलगा अकरावीतला. सातवीत असताना त्याने आईच्या जुन्या फोनवरून इन्स्टाग्रामवर खातं काढलं होतं. वयाची अट १३ ची, म्हणून जन्मसाल खोटं टाकलेलं. यूजरनेममध्ये स्वतःचं आडनाव, शाळेचं छोटं नाव आणि पुढे आकडे. त्या वर्षी रंगपंचमीला राजवाड्यावरची गेर म्हणजे रंगांची मिरवणूक बघून आलेल्या वर्गातल्या एका मुलीने रंगाने माखलेला फोटो टाकला, त्याखाली याने तिच्या दातांवरून घाणेरडी कमेंट केली. चार वर्षांनी कुणीतरी तो स्क्रीनशॉट वर्गाच्या ग्रुपवर टाकला. मुलगा माझ्याकडे आला तो हे सांगत, “पण मॅडम, मी ते कधीच डिलीट केलंय.”

काय डिलीट केलं होतं? अ‍ॅप. फोनवरचं.

हे वाक्य मी फळ्यावर लिहिते आणि हात वर करायला सांगते. दर वर्षी अर्ध्याहून जास्त वर्गाला असंच वाटत असतं की अ‍ॅप काढलं की खातं गेलं. फोनमधलं अ‍ॅप म्हणजे नुसता दरवाजा, घर तिकडे कंपनीच्या सर्व्हरवर उघडंच असतं. तुमच्या १५ मिनिटांतली ५ इथे गेली तरी हरकत नाही.

मग आम्ही दोघांनी काय केलं ते क्रमाने सांगते. आधी ब्राउझरची इनकॉग्निटो खिडकी उघडली. लॉगिन असलेल्या फोनवर शोधलं तर आपल्याला आपल्यासाठीचं चित्र दिसतं, परक्याला काय दिसतं ते कळत नाही. तिथे त्याचं नाव अवतरण चिन्हांत, सोबत ‘इंदौर’, आणि मग वेगळं करून ते जुनं यूजरनेम टाकलं. नावाने फारसं काही आलं नाही. यूजरनेमने मात्र खातं आलंच, शिवाय त्याच नावाने एका गेमच्या साइटवर त्याने टाकलेला फोटोही निघाला. मुलं सगळीकडे एकच यूजरनेम वापरतात, त्यामुळे धागा तिथूनच उलगडतो. वर्गात हे दाखवायचं तर स्वतःचं नाव शोधून दाखवा. मुलांचं कधीही नाही.

आता खातं काढायचं तर आत शिरायला हवं, आणि पासवर्ड कुणाला आठवतोय! खातं आईच्या जुन्या सिमवर होतं आणि ते सिम रिचार्ज न केल्याने बंद पडलेलं. बंद नंबर कमीत कमी ९० दिवसांनी दुसऱ्या कुणाला दिला जाऊ शकतो, म्हणजे आपला ओटीपी उद्या परक्याच्या हातात. नशिबाने आईचा जीमेलही जोडलेला होता, त्यावरून पासवर्ड बदलला. म्हणून मुलांना सांगा की जुनं खातं आठवलं तर नंबर चालू आहे तोवरच उघडून घ्या.

खातं काढायचा रस्ता मुद्दाम लांब ठेवलाय असं माझं मत: Accounts Center, मग Personal details, मग Account ownership and control, मग Deactivation or deletion. शेवटच्या पानावर दोन पर्याय येतात आणि घाईत मुलं पहिला दाबतात. Deactivate म्हणजे नुसती कुलूपबंदी. सगळं जागच्या जागी राहतं. आपल्याला Delete हवं. त्यानंतर ३० दिवस मन बदलायची मुदत असते, आणि पुढे कंपनीच्या साठ्यातून सगळं पुसलं जायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात.

इथे आमचा पोरगा फसला. सहाव्या दिवशी “गेलं का” हे बघायला त्याने लॉगिन केलं, समोर आलेल्या पानावर खातं ठेवण्याचं बटण दाबलं आणि विनंती रद्द. पुन्हा पहिल्यापासून ३० दिवस. तपासायचं असेल तर लॉगिन न करता, इनकॉग्निटोमधून, प्रोफाइलची लिंक उघडावी.

ज्यांना खातं ठेवून फक्त जुना कचरा काढायचा आहे त्यांनी प्रोफाइलच्या मेनूतलं Your activity उघडावं. तिथे आपल्या सगळ्या कमेंट एका यादीत मिळतात, एकदम निवडून काढता येतात. दुसऱ्याच्या फोटोखाली चार वर्षांपूर्वी काय लिहिलं ते आठवून शोधत बसावं लागत नाही. पोस्ट काढली तर ती ३० दिवस Recently deleted मध्ये पडून राहते. घाई असेल तर तिथूनही काढा. आणि Archive म्हणजे काढणं नव्हे, माळ्यावर टाकणं.

खातं दिसेनासं झालं तरी गूगलवर त्याचं नाव आणि दोन ओळी काही दिवस दिसत होत्या. कारण गूगल स्वतः आधी उतरवून घेतलेलं दाखवत असतं. तिथे Refresh Outdated Content या पानावर ती लिंक टाकावी लागते. क्रम महत्त्वाचा: मूळ पान आधी गेलेलं हवं. ते अजून उघडत असेल तर विनंती नाकारतात. गेमच्या साइटवाल्याने मेलला उत्तरच दिलं नाही, तेव्हा दुसरी वाट धरली. १८ वर्षांखालच्या मुलाचा फोटो गूगलच्या शोधातून काढा अशी विनंती तो मुलगा किंवा आई-वडील करू शकतात. ती मान्य झाली. फोटो त्या साइटवर अजून आहे, पण नाव शोधून सापडत नाही. एवढा फरक मुलांना स्पष्ट सांगा, नाहीतर ती समजतात की गूगलने पुसलं.

आणि स्क्रीनशॉट? त्याला कुठलंच बटण नाही. हे सांगताना मी आवाज चढवत नाही. त्या मुलाने मुलीशी जाऊन बोलणं केलं. काय बोलला ते मी विचारलं नाही. तिने ग्रुपवरचा मेसेज टाकणाऱ्याला काढायला लावला. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांसाठी डिलीट करायला साधारण अडीच दिवस मिळतात, ते त्यातच बसलं.

एक गोष्ट मात्र राहिली. शाळेतल्या गणपतीत तो बालशिवाजी झाला होता, मिशी अर्धी पुसलेली, तो व्हिडिओ मावशीने फेसबुकवर टाकून त्याला टॅग केलेला. टॅग त्याने काढला, पण त्याने नुसतं नाव सुटतं, व्हिडिओ ज्याने टाकला त्यालाच काढता येतो. मावशीला फोन केला तर ती म्हणाली, “अरे, इतका गोड दिसतोयस, मी नाही काढायची!” व्हिडिओ अजून आहे.