नववं वाक्य आधी आण

प्रिय,

अनेक आशीर्वाद. शिष्यवृत्तीसाठी लिहिलेला तुझ्या संशोधन प्रस्तावाचा सारांश परवा मिळाला. दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल हातात घेतली आणि जिथे तू स्वतः काय करणार हे पहिल्यांदा कळतं, त्या वाक्याखाली रेघ ओढली. ते नववं वाक्य निघालं. त्याआधीची आठही वाक्यं भूजलातल्या आर्सेनिकबद्दल आहेत: ते त्वचेवर काय करतं, त्याने कर्करोग कसा होतो, किती देशांत ते सापडतं. त्यातलं काही चूक नाही. पण आर्सेनिकवर अर्ज करणारा कुणीही ती आठ वाक्यं जशीच्या तशी स्वतःच्या सारांशात चिकटवू शकेल. ज्या वाक्यावर तुझ्या एकटीचा हक्क नाही, ते तुझ्या संशोधनाचं महत्त्व सांगत नाही, विषयाचं महत्त्व सांगतं. निवड समितीला विषय महत्त्वाचा आहे हे ठाऊक असतं. तीन वर्षांनी काय नवं कळणार आणि ते तुझ्याकडूनच का, हे त्यांना ठरवायचं असतं.

समितीवर बसून मी असे बरेच सारांश वाचले आहेत. समोर फाइलींचा गठ्ठा असतो आणि वाचणाऱ्यांपैकी बहुतेकजण तुझ्या शाखेचे नसतात. कुणी जीवशास्त्राचा, कुणी अभियांत्रिकीचा. पहिल्या दोन-तीन वाक्यांत प्रश्न सापडला नाही, तर पुढचं वाचन लक्ष देऊन होत नाही. म्हणून ती आठ वाक्यं दोनांवर आण आणि उरलेली जागा प्रश्नाला दे.

आता उद्दिष्टांकडे येतो, कारण खरी अडचण तिथे आहे. तुझं पहिलं उद्दिष्ट असं आहे: ‘लोह-ऑक्साइडचा लेप दिलेल्या वाळूने पाण्यातील आर्सेनिक काढण्याचा अभ्यास करणे.’ अभ्यास कधी संपतो? तीन महिन्यांनीही झाला म्हणता येतो आणि तीस वर्षांनीही अपुरा राहतो. उद्दिष्ट असं हवं, की एके दिवशी ‘हे ठरलं’ असं म्हणता येईल. दुसऱ्या उद्दिष्टात तू एक्स-रे विवर्तन आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वापरून लेपाची वैशिष्ट्यं तपासणार आहेस. ती पद्धत झाली, उद्दिष्ट नव्हे. यंत्राचं नाव उद्दिष्टात आलं, की प्रश्न अजून सापडलेला नाही असा माझा अनुभव आहे.

एक साधी कसोटी सांगतो. प्रत्येक उद्दिष्टाखाली त्याची दोन संभाव्य उत्तरं लिहून बघ, अशी की दोन्ही खरी ठरू शकतात आणि दोन्हींमुळे पुढची पावलं वेगळी पडतात. ‘वाळूची आर्सेनिक धरून ठेवण्याची क्षमता मोजणे’ या तुझ्या तिसऱ्या उद्दिष्टावर करून बघ. उत्तर म्हणून एक आकडा येईल. तो कमी आला काय नि जास्त आला काय, त्यामुळे कुणाचं काय बदलणार आहे? हे सांगता येत नसेल, तर ते काम आहे, उद्दिष्ट नाही.

मग प्रश्न कुठे आहे? तो तू लिहिलेलाच आहेस, पण शेवटाकडे, जाता जाता: ‘प्रत्यक्ष भूजलातील इतर घटकांमुळे क्षमता कमी होऊ शकते.’ माझ्या मते हे तुझ्या सारांशातलं सर्वांत मोलाचं वाक्य आहे आणि ते शेपटाला टांगलं गेलं आहे. जरा उलगडू या. प्रयोगशाळेत फ्लास्कमध्ये शुद्ध केलेलं पाणी घ्यायचं, त्यात आर्सेनिक मिसळायचं, वाळू टाकून चोवीस तास हलवायचं आणि किती धरलं गेलं ते मोजायचं, ही नेहमीची चाचणी. भूजलात मात्र फॉस्फेट असतं आणि सिलिकेटही. फॉस्फेटची रचना आर्सेनेटसारखीच, म्हणजे पाण्यातल्या आर्सेनिकच्या एका रूपासारखीच, असल्यामुळे ते लोह-ऑक्साइडच्या पृष्ठभागावरच्या त्याच जागा अडवतं, आणि लगेच अडवतं. सिलिकेटचं वागणं निराळं आहे. ते हळूहळू बसतं आणि पृष्ठभागावर त्याच्या साखळ्या बनत जातात, म्हणून त्याचा परिणाम काळाबरोबर वाढू शकतो. चोवीस तासांच्या चाचणीत हे पुरतं दिसत नाही, आणि फिल्टर तर महिनोन्‌महिने चालायचा असतो. म्हणजे छोट्या चाचणीवरून फिल्टरच्या आयुष्याचा जो अंदाज काढला जातो, तो नेमका कुठल्या पाण्यात फसतो आणि किती फसतो, हा तुझा प्रश्न आहे.

इथे एक सावधगिरी. फॉस्फेट आर्सेनिकला हटवतं, हे अनेकांनी आधीच दाखवलं आहे. ‘हे प्रथमच तपासले जाणार आहे’ असं मोघम लिहिलंस आणि समितीत एकजण जरी या विषयातला निघाला, तरी तुझ्या बाकीच्या वाक्यांवरचा त्याचा विश्वास उडेल. नेमकं काय झालेलं आहे आणि कुठे थांबलेलं आहे, ते एका वाक्यात लिही. दोन्ही घटक एकत्र असताना, जास्त काळ, आणि अंदाजाची वाहत्या पाण्यात पडताळणी: या तीनपैकी नेमकी कोणती बाजू अपुरी आहे, ते तुझ्या वाचनावरून ठरव. वाचून खात्री झाली नसेल, तर ते वाक्य अजून लिहू नकोस. आधी वाच.

प्रश्न असा हाती आला, की उद्दिष्टं पाचावरून दोनावर येतात. मी लिहिली असती तर साधारण अशी:

‘(१) फॉस्फेट आणि सिलिकेट, स्वतंत्रपणे व एकत्र, लोह-ऑक्साइड लेपित वाळूची आर्सेनिक धारणक्षमता किती घटवतात आणि ही घट काळानुसार वाढते का, हे ठरवणे. (२) या मापांवरून काढलेला फिल्टरच्या आयुष्याचा अंदाज सतत वाहत्या पाण्याच्या, वाळू भरलेल्या नळीसारख्या कॉलममध्ये, बाहेर पडणाऱ्या पाण्यातील आर्सेनिक लिटरमागे १० मायक्रोग्रॅमच्या वर जाईपर्यंत, कितपत टिकतो हे तपासणे.’

१० मायक्रोग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा आहे. ती घातल्यामुळे ‘फिल्टर संपला’ म्हणजे काय, हे वाचणाऱ्याला विचारावं लागत नाही. आता मघाची कसोटी लाव. घट काळानुसार वाढत असेल, तर छोट्या चाचण्या फिल्टरचं आयुष्य फुगवून सांगतात. वाढत नसेल, तर साधी दुरुस्ती करून त्याच चाचण्या वापरता येतील. दोन्ही उत्तरं कामाची.

तुझ्या मूळ मांडणीत आणखी एक धोका होता. वाळूवरचा नवा लेप तू आधी विकसित करणार होतीस आणि बाकीचं काम त्या लेपावर उभं होतं. लेप नीट बसला नाही तर दीड वर्ष गेलं आणि हाती काहीच नाही. अनुभवी परीक्षक हे पटकन ओळखतो. बनवण्याची रीत आधीच प्रसिद्ध झालेली आहे अशी वाळू घे. तुझं नावीन्य लेपात नाही, प्रश्नात आहे. दुसरं उद्दिष्ट पहिल्याच्या मापांवर अवलंबून आहे हे खरं, पण तिथे अंदाज चुकला तरी कुठे आणि किती चुकला हे उत्तर मिळतंच. असं अवलंबून राहणं चालतं.

वापरून झालेली वाळू टाकल्यावर तिच्यातून आर्सेनिक परत सुटतं का, हे तुझं चौथं उद्दिष्ट. ते वगळ म्हणताना मला वाईट वाटतं, कारण प्रश्न चांगला आहे. ऑक्सिजन नसलेल्या ठिकाणी लोह-ऑक्साइड विरघळतं आणि धरलेलं आर्सेनिक मोकळं होऊ शकतं. पण त्यासाठी वेगळी उपकरणं लागतात, वेगळा काळ लागतो, आणि मुख्य म्हणजे सारांश दोन दिशांना ओढला जातो. ते पीएचडीनंतरसाठी वहीत लिहून ठेव. जनजागृतीचं पाचवं उद्दिष्ट निःसंकोच काढून टाक. ते करायला तुझ्याकडे ना वेळ आहे, ना योजना.

संशोधनाचं महत्त्व सांगणारा परिच्छेद मी मुद्दाम शेवटी ठेवला. उद्दिष्टं पक्की झाल्याशिवाय तो लिहिताच येत नाही. तुझ्या मसुद्यात त्याची चार विधानं आहेत: ही पद्धत स्वस्त आहे, पर्यावरणपूरक आहे, लाखो लोकांना सुरक्षित पाणी मिळेल, आणि धोरण आखायला मदत होईल. प्रत्येक विधानापुढे ते कुठल्या उद्दिष्टातून येतं त्याचा आकडा लिही. ‘स्वस्त’पुढे काही येत नाही, कारण खर्च तू कुठेच मोजत नाहीस. ‘पर्यावरणपूरक’पुढेही नाही. दोन कॉलम आणि तीन वर्षांतून लाखोंना पाणी मिळत नाही हे वाचणाऱ्याला कळतं, मग तुझी खरी विधानंही त्याला फुगवलेली वाटू लागतात. ज्या विधानापुढे आकडा आला नाही, ते खोड.

उरेल ते लहान असेल, पण ते तुझं असेल. काहीसं असं: ‘आर्सेनिक फिल्टरमधील वाळू केव्हा बदलायची, हे आज बहुधा शुद्ध पाण्यातील अल्पकालीन चाचण्यांवरून ठरते. पाण्यातील फॉस्फेट व सिलिकेटची मापे हाती असल्यास त्या अंदाजात किती दुरुस्ती करावी, हे या संशोधनातून सांगता येईल. त्यामुळे फिल्टर बसवणाऱ्यांना, पाणी असुरक्षित होण्याआधी वाळू बदलण्याची वेळ ठरवता येईल.’ इथे कोण वापरणार, काय वापरणार आणि त्यामुळे कोणता निर्णय बदलणार, तिन्ही दिसतं. पहिलं वाक्य मात्र तुझ्या वाचनातून पक्कं झाल्यावरच ठेव.

शब्दमर्यादा ३०० आहे. साठेक शब्द पार्श्वभूमीला, तेवढेच आधीच्या संशोधनातली नेमकी त्रुटी सांगायला, सव्वाशेच्या आसपास उद्दिष्टं आणि ती कशी साधणार याला, उरलेले महत्त्वाला. काटेकोर पाळायला नको, पण पार्श्वभूमी शंभराच्या वर गेली तर थांब.

मसुदा तयार झाला की आधी रसायनशास्त्राशी संबंध नसलेल्या एखाद्या मित्राला वाचायला दे. वाचून झाल्यावर कागद काढून घे आणि त्याला विचार, तू काय शोधणार आहेस? त्याने ‘आर्सेनिकबद्दल काहीतरी’ म्हटलं, तर परत लिही. ‘फिल्टर किती दिवस टिकेल याचा अंदाज का चुकतो ते’ असं म्हणाला, की मला पाठव. यंत्रांची यादी आणि वेळापत्रक आत्ता नको. फक्त त्रुटीचं एक वाक्य आणि दोन उद्दिष्टं आधी येऊ देत.

कळावे,
तुझा शुभचिंतक