डोकं दुखतंय, मग एमआरआय कधी?

"मॅडम, बारा वर्षं डोकं दुखतंय. डॉक्टर म्हणतात मायग्रेन आहे, गोळ्या घ्या. पण फोटो काढल्याशिवाय आत गाठ नाही हे त्यांना कळलं कसं? आमच्या शेजारच्या काकांचंही आधी नुसतं डोकंच दुखत होतं."

हकीकत ऐकून आणि तपासणी करून कळलं. मी मेंदुविकार विभागाच्या ओपीडीत समुपदेशक आहे. डॉक्टर "स्कॅनची गरज नाही" म्हणाले की ते वाक्य घेऊन पेशंट माझ्या टेबलाशी येतात. छत्तिशीच्या या ताईही तशाच आल्या. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) सोबत नवरा होता. त्यांचं म्हणणं, "खर्चाचं बघू नका, एकदा काढून टाकू."

मी आधी शेजारच्या काकांबद्दल विचारलं. बासष्टीचे गृहस्थ, आयुष्यात कधी डोकं न दुखलेले. दीड महिन्यात दुखणं रोज वाढत गेलं, मग उलट्या, मग हातातला कप सुटायला लागला. म्हणजे 'नुसतं डोकं' हे घरच्यांच्या आठवणीतलं होतं. मेंदूतल्या गाठीची डोकेदुखी बराच काळ एकटी राहत नाही. फिट येते, हातपाय लटके पडतात, बोलताना शब्द अडतात, नजर बिघडते, वागणं बदलतं. ताईंचं दुखणं बारा वर्षांचं होतं, आणि ते यायचं-जायचं. अर्धं डोकं ठणकायचं, मळमळायचं, उजेड नको व्हायचा, जिना चढला की वाढायचं, अंधारात झोपून दुसऱ्या दिवशी मोकळं व्हायचं. मधले दिवस अगदी ठणठणीत. बारा वर्षं वाढणारी गाठ अशी सुट्ट्या घेत नाही.

राहिली तपासणी. ताईंना ती तपासणी वाटलीच नव्हती. "डॉक्टरांनी नुसतं चालायला लावलं आणि डोळ्यात बॅटरी मारली," असं त्या म्हणाल्या. त्या बॅटरीला ऑफ्थाल्मोस्कोप म्हणतात. खोलीत अंधार करून, पेशंटला दूर भिंतीकडे बघायला सांगून डॉक्टर त्यातून डोळ्याच्या पडद्यावरची नस बघतात. ही नस थेट मेंदूकडून येते. कवटीच्या आत दाब वाढला असेल तर तिच्या टोकाला सूज येते, कडा पुसट होतात. ताईंच्या कडा स्वच्छ होत्या. एका रेषेत टाच-अंगठा जुळवत चालणं नीट, नाकाला बोट लावणं नीट, दोन्ही हातांचा जोर सारखा, तळव्यावर हातोडीचं टोक ओढल्यावर अंगठा खालीच वळला, बीपी ठीक. ओळखीचा मायग्रेन आणि अशी तपासणी असेल, तर स्कॅनमध्ये उपचार बदलेल असं काही सापडण्याची शक्यता कधीच डोकं न दुखणाऱ्या माणसाइतकीच असते.

"तरी काढला तर बिघडलं कुठे?" नवऱ्याचा प्रश्न. रास्त आहे. एमआरआयला किरणोत्सर्ग नसतो, सीटीला असतो, पण मुद्दा तो नाही. निरोगी माणसांच्या एमआरआयमध्येही काही ना काही दिसतं: पांढरे ठिपके, जन्मापासूनची पाण्याची पुटकुळी, सायनसचं जाड झालेलं अस्तर. मायग्रेनवाल्यांत ते ठिपके जरा जास्तच. रिपोर्टवर ते छापून येतं, मग दुसरा डॉक्टर, तिसरा एमआरआय, आणि ठिपके आहेत तिथेच. शिवाय नॉर्मल रिपोर्टचा दिलासा टिकतही नाही. रोज डोकं दुखणाऱ्यांवर झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात (2005) स्कॅन केलेल्यांची काळजी तीन महिन्यांनी कमी होती, वर्षाने मात्र स्कॅन न केलेल्यांइतकीच. माझा ओपीडीतला अनुभव वेगळा नाही.

पण एक गोष्ट सोडून देण्यासारखी नव्हती. महिन्यातून दोनदा दुखणारं डोकं दिवाळीपासून दिवसाआड दुखत होतं. पॅटर्न बदलला की आम्ही कान टवकारतो. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणायला सांगितलं, कारण त्यावर दुधाच्या खाड्यांबरोबर डोकेदुखीचीही फुली असते हे बोलण्यात आलं होतं. गेल्या महिन्यात गोळीचे दिवस भरले सतरा. गोळी मेडिकलमधून आणलेली, पॅरासिटामॉल आणि कॅफीन एकत्र असलेली. अशी मिश्र गोळी महिन्यात दहा किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ घेतली, तर गोळीच डोकेदुखी वाढवायला लागते. साध्या पॅरासिटामॉलला ही मर्यादा पंधरा दिवसांची. डॉक्टरांनी कॅलेंडर बघितलं, पुन्हा तपासलं, मिश्र गोळी बंद केली आणि मायग्रेन रोखणारं रोजचं औषध सुरू केलं. पहिला आठवडा-दोन आठवडे दुखणं उलट वाढेल हे मी त्यांना आधीच सांगून ठेवलं. नाहीतर लोक चौथ्या दिवशी घाबरून पुन्हा मेडिकल गाठतात.

त्याच सुमारास आलेल्या एका बाळंतिणीचं मात्र सगळं उलट झालं. बाळंत होऊन तीन आठवडे झालेले, डोकं पाच दिवस चढतच चाललेलं, आडवं झालं की जास्त, आणि नजर अंधूक. घरी कानात कापूस, डोक्याला फडकं, "वारं लागलं असेल" हे सगळं झालं होतं. तिला त्याच दिवशी एमआरआयला पाठवलं, आणि सोबत मेंदूच्या शिरांचा खास फोटो काढायला सांगितला. शिरेत रक्ताची गुठळी निघाली. बाळंतपणानंतर रक्त गोठण्याकडे झुकतं, म्हणून हा धोका वाढतो. साधा सीटी अशा वेळी नॉर्मल दिसू शकतो. रक्त पातळ करणारी औषधं सुरू झाली. बाळंतिणीचं नवं, वाढत जाणारं दुखणं वाऱ्यावर सोडू नये, गरोदरपणातलंही नाही. तिथे बीपीही लगेच बघावं लागतं.

आणि एक दुखणं असं, की त्यात ओपीडीची वाटही बघायची नाही: मिनिटभरात शिगेला पोचलेलं, "आयुष्यात असं कधी दुखलं नव्हतं" असं. थेट इमर्जन्सी गाठायची. रक्तस्राव असेल तर सीटी पहिल्या काही तासांत सर्वांत चांगला पकडतो. उशीर झाला की तो निसटू शकतो आणि पाठीतलं पाणी तपासावं लागतं. ताप आणि आखडलेली मान, पहिल्यांदाच आलेली फिट, डोक्याला मार, पूर्वी झालेला कॅन्सर, खोकताना सुरू होणारं दुखणं, यांतलं काही सोबत असेल तरी डॉक्टरांना आधी तेच सांगायचं.

दोन महिन्यांनी ताई आल्या तेव्हा कॅलेंडरवर पाच फुल्या होत्या. एमआरआयचा विषय त्यांनी काढला नाही. जाता जाता म्हणाल्या, "आमच्या मोठ्या दिरांचंही डोकं दुखतंय हल्ली. अठ्ठावन्न वय. मी त्यांना सांगितलं, मायग्रेन असेल, माझ्यासारखं, घाबरू नका." मी विचारलं, आधी कधी दुखायचं? नाही. कानशिलाशी कंगवा लागला तर दुखतं का, भाकरी चावताना जबडा भरून येतो का? भाकरीचं त्यांना माहीत होतं. अलीकडे ते भाकरी चुरून खातात.

पन्नाशीनंतर पहिल्यांदा सुरू झालेल्या डोकेदुखीला माझ्यासारखं-तुमच्यासारखं चालत नाही. तिथे स्कॅन लागतोच, पण जबडा दुखत असेल तर त्याआधी ईएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या साध्या तपासण्या. कानशिलाजवळच्या रक्तवाहिनीला सूज असली तर मेंदूचा फोटो नॉर्मल येतो, आणि इलाज लांबला तर एका डोळ्याची नजर कायमची जाऊ शकते. संशय दाट असला तर डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता स्टेरॉइड सुरू करतात. मी ताईंना ओपीडीबाहेर जाऊ दिलं नाही. तिथूनच दिरांना फोन लावायला सांगितला आणि त्या दिवशीचाच केसपेपर काढला.