सेरीन प्रोटिएज: एक बंध, दोन टप्पे आणि मधला एक थांबा

कायमोट्रिप्सिन या प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइममध्ये सेरीन हे अमिनो आम्ल दोन डझनांहून जास्त ठिकाणी आहे. मग पेप्टाइड बंध तोडायचं काम एकटं १९५ क्रमांकाचं सेरीनच का करतं?

कारण त्याचे शेजारी. सुट्या सेरीनच्या बाजूच्या साखळीतला –OH गट जवळजवळ अल्कोहोलसारखा थंड असतो. त्याचा pKa १३ च्याही वर, म्हणजे शरीराच्या pH ला तो आपला प्रोटॉन सोडायला तयार नसतो. सेरीन १९५ च्या ऑक्सिजनला खेटून हिस्टिडीन ५७ आहे आणि हिस्टिडीनच्या पलीकडच्या अंगाला, प्रथिनाच्या आत दडलेलं अ‍ॅस्पार्टेट १०२. साखळीत हे तिघं एकमेकांपासून कितीतरी दूर आहेत, पण घडी पडल्यावर हायड्रोजन बंधांनी एका ओळीत येतात. हीच ती त्रयी. अ‍ॅस्पार्टेटने हिस्टिडीनला एका ठरावीक दिशेने धरून ठेवलेलं असतं आणि हिस्टिडीनचा मोकळा नायट्रोजन सेरीनच्या प्रोटॉनकडे तोंड करून असतो.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण उत्तरपत्रिकांत तो नेहमी दिसतो. हल्ल्याआधीच सेरीनचा प्रोटॉन निघून गेलेला आहे आणि तिथे O⁻ वाट पाहत बसला आहे, असं चित्र मुलं काढतात. तसं नसतं. सेरीनचा ऑक्सिजन कार्बोनिल कार्बनकडे सरकू लागतो तेव्हाच हिस्टिडीन त्याचा प्रोटॉन उचलतं. दोन्ही हालचाली हातात हात घालून होतात.

यंत्रणा पाठ केली आहे, पण मध्येच पाणी कुठून येतं ते कळत नाही. एकदा सुरुवातीपासून सांगाल का?

एकच बंध डोळ्यांसमोर ठेवू. समजा साखळीत फिनाइलअ‍ॅलनीन आणि त्यानंतर ग्लायसीन आहे. फिनाइलअ‍ॅलनीनचं वलय कायमोट्रिप्सिनच्या एका खोल, तेलकट खिशात जाऊन बसतं. ते बसलं की त्यापुढचा पेप्टाइड बंध बरोबर सेरीन १९५ च्या समोर येतो. (ट्रिप्सिनमध्ये याच खिशाच्या तळाशी अ‍ॅस्पार्टेट १८९ चा ऋण भार आहे, म्हणून तिथे लायसीन किंवा आर्जिनीन बसतं. तोडण्याची रीत मात्र तीच.)

आता सेरीनचा ऑक्सिजन कार्बोनिल कार्बनवर चाल करून जातो आणि त्याचा प्रोटॉन हिस्टिडीनकडे जातो. कार्बनला चार जोड होतात, सपाट असलेला गट चतुष्फलकी होतो आणि कार्बोनिलच्या ऑक्सिजनवर ऋण भार येतो. हा ऑक्सिजन आता अशा जागी सरकलेला असतो जिथे ग्लायसीन १९३ आणि सेरीन १९५ यांच्या मुख्य साखळीतले NH गट त्याला दोन हायड्रोजन बंध देतात. या जागेला ऑक्सिअनायन होल म्हणतात. मूळ सपाट अवस्थेत ऑक्सिजन तिथे नीट पोचत नाही, चतुष्फलकी झाल्यावरच पोचतो. म्हणजे एन्झाइम सब्स्ट्रेटपेक्षा या मधल्या, अवघड अवस्थेला जास्त घट्ट धरतं. वेग वाढतो तो इथे. माझ्या मते त्रयीइतकंच लक्ष या दोन NH गटांकडे द्यायला हवं, पण पुस्तकांतल्या आकृत्यांत ते कोपऱ्यात पडतात.

ही अवस्था टिकत नाही. कार्बन आणि नायट्रोजनमधला बंध तुटायला हवा, पण नायट्रोजन ऋण भार घेऊन बाहेर पडायला अजिबात राजी नसतो. तेव्हा हिस्टिडीन सेरीनकडून घेतलेला तोच प्रोटॉन या नायट्रोजनला देतं. आता तो साधा अमाइन म्हणून निघून जाऊ शकतो. बंध तुटतो आणि ग्लायसीनपासून सुरू होणारा तुकडा बाहेर पडतो.

इथे काम अर्धंच झालेलं असतं. पहिला तुकडा, म्हणजे फिनाइलअ‍ॅलनीनपर्यंतची साखळी, सेरीनला एस्टर बंधाने चिकटलेलीच आहे. याला असिल-एन्झाइम म्हणतात.

तुमचं पाणी आता येतं. बाहेर पडलेल्या तुकड्याने हिस्टिडीनसमोरची जागा रिकामी केलेली असते आणि भोवतालच्या द्रावणातला एक पाण्याचा रेणू तिथे शिरतो. पुढे आधीचाच खेळ पुन्हा होतो, फक्त सेरीनच्या जागी पाणी. हिस्टिडीन पाण्याचा प्रोटॉन घेतं, पाण्याचा ऑक्सिजन एस्टरच्या कार्बनवर हल्ला करतो, पुन्हा चतुष्फलकी अवस्था, पुन्हा ऑक्सिअनायन होलचा आधार. मग हिस्टिडीन प्रोटॉन सेरीनच्या ऑक्सिजनला परत करतं, एस्टर बंध तुटतो आणि दुसरा तुकडा कार्बोक्सिल टोक घेऊन सुटतो. सेरीन होतं तसं झालं.

दोन्ही टप्प्यांत हिस्टिडीन आधी प्रोटॉन घेतं आणि मग दुसऱ्याच अणूला देतं, एवढं धरून ठेवलंत तर पाठांतराची गरज उरत नाही. हिस्टिडीनचा pKa ७ च्या आसपास आहे, म्हणून उदासीन pH ला घेणं आणि देणं दोन्ही त्याला सोपं जातं. द्रावण आम्लधर्मी केलं तर त्याच्यावर आधीच प्रोटॉन बसतो आणि काम थांबतं.

प्रॅक्टिकलमध्ये कायमोट्रिप्सिन आणि पॅरा-नायट्रोफेनिल अ‍ॅसिटेट घेतलं. पिवळ्या रंगाच्या शोषणाचा वेळेनुसार आलेख काढला. त्याची सरळ रेषा मागे वाढवली तर शून्यातून जात नाही, ०.०७ वर अक्षाला छेदते. माझं रीडिंग चुकलं का?

बहुधा नाही. तुम्हाला असिल-एन्झाइम दिसलं आहे. ब्रायन हार्टली आणि किल्बी यांनी १९५४ मध्ये याच रसायनावर हेच पाहिलं होतं आणि अभिक्रिया दोन टप्प्यांत होते हे त्यातूनच पुढे आलं.

या सब्स्ट्रेटमध्ये सेरीनवर अ‍ॅसिटिल गट चढतो आणि त्याच क्षणी पिवळा नायट्रोफेनॉल सुटतो. हा टप्पा झटपट होतो. सेरीनवरून अ‍ॅसिटिल काढायचं पाण्याचं काम मात्र फार सावकाश चालतं. त्यामुळे प्रत्येक एन्झाइम रेणू पहिली फेरी पटकन मारतो, पिवळा रंग एकदम उसळतो आणि मग सगळे रेणू अ‍ॅसिटिल घेऊन पाण्याची वाट पाहत राहतात. तुमची सरळ रेषा म्हणजे हा दुसरा, संथ वेग.

म्हणून ०.०७ हा आकडा टाकून देऊ नका, त्यातून हिशेब काढा. तुम्ही लिहिल्याप्रमाणे pH ८, १ सेंमीचं क्युव्हेट आणि एन्झाइम ५ मायक्रोमोलर आहे. ४०० नॅनोमीटरच्या आसपास पूर्ण आयनीभूत नायट्रोफेनॉलचा मोलर शोषणांक सुमारे १८,००० असतो. त्याचा pKa ७.१ च्या जवळ असल्याने pH ८ ला साधारण ८८ टक्केच पिवळ्या रूपात असतो, म्हणून १६,००० धरू. ०.०७ भागिले १६,००० म्हणजे सुमारे ४.४ मायक्रोमोलर. वजन करून घातलेल्या ५ मायक्रोमोलरपैकी ४.४ एवढंच एन्झाइम जिवंत आहे, म्हणजे ८८ टक्के. वजनकाट्यावर हे कधीच कळलं नसतं.

दोन गोष्टी तपासून घ्या. एन्झाइम न घालता तोच प्रयोग करा. तिथेही रेषा शून्याच्या वरून निघत असेल, तर बाटलीतला सब्स्ट्रेट आधीच थोडा फुटलेला आहे आणि तेवढं वजा करायला हवं. मग एन्झाइम दुप्पट घ्या. छेद दुप्पट झाला तर ती उसळी खरी. सब्स्ट्रेट कमी पडला तर पहिली फेरी पुरती होत नाही आणि छेद खऱ्यापेक्षा लहान येतो, हेही ध्यानात असू द्या.

खऱ्या पेप्टाइडवर मात्र ही उसळी सहसा दिसत नाही. तिथे पहिला टप्पाच अवघड असतो, अमाइड तोडण्याचा. असिल-एन्झाइम तयार होतं आणि लगेच पाण्याने सुटतं, साठत नाही.

अ‍ॅस्पार्टेट तर प्रोटॉनला हातही लावत नाही असं आमच्या मॅडम म्हणतात. पण जुन्या पुस्तकात ते प्रोटॉन घेताना दाखवलं आहे. खरं कोणाचं?

तुमच्या मॅडमचं. जुनं चित्र १९६९ चं आहे. डेव्हिड ब्लो आणि सहकाऱ्यांना क्ष-किरण रचनेत हे दडलेलं अ‍ॅस्पार्टेट दिसलं तेव्हा त्यांनी अशी कल्पना मांडली की सेरीनचा प्रोटॉन हिस्टिडीनकडे आणि हिस्टिडीनचा अ‍ॅस्पार्टेटकडे, असा भार पुढे पुढे सरकत जातो. क्ष-किरणांना हायड्रोजन नीट दिसत नाही, त्यामुळे वाद रेंगाळला. १९८१ मध्ये ट्रिप्सिनवर न्यूट्रॉन विवर्तन झालं. न्यूट्रॉनला हायड्रोजनची जागा कळते, आणि प्रोटॉन हिस्टिडीनवरच आढळला. या दोघांमधला हायड्रोजन बंध नेमका किती बलवान, यावर नंतरही बरीच वादावादी झाली.

पण प्रोटॉन घेत नाही म्हणून अ‍ॅस्पार्टेट शोभेचं आहे असं समजू नका. हिस्टिडीन प्रोटॉन घेतं तेव्हा त्यावर येणारा धन भार अ‍ॅस्पार्टेटचा ऋण भार सावरतो, आणि हिस्टिडीनचं तोंडही योग्य बाजूला ठेवतो. पॉल कार्टर आणि जेम्स वेल्स यांनी १९८८ मध्ये सबटिलिसिन या जिवाणूंच्या प्रोटिएजमधल्या त्रयीतलं एकेक अमिनो आम्ल बदलून तिथे अ‍ॅलनीन बसवलं. सेरीन काढलं तर वेग सुमारे २० लाख पटींनी घसरला, हिस्टिडीन काढलं तरी तितकाच. अ‍ॅस्पार्टेट काढलं तेव्हा सुमारे ३०,००० पटींनी.

मला यातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते ती पुढची. तिघांनाही एकदम काढलं तरी घसरण सुमारे २० लाख पटींचीच राहिली, तिघांचे आकडे एकमेकांत गुणले गेले नाहीत. सेरीन गेलं की उरलेल्या दोघांना करायला काही उरतच नाही. आणि त्रयी नसलेलं हे एन्झाइम तरीही नुसत्या पाण्यापेक्षा हजारपटींहून वेगवान होतं. तो उरलेला वेग सब्स्ट्रेटला जागेवर धरण्याचा आणि ऑक्सिअनायन होलचा.

प्रथिन वेगळं करताना सकाळीच बफरमध्ये PMSF घालते, तरी संध्याकाळपर्यंत प्रथिनाचे तुकडे झालेले असतात. डोस वाढवू का?

आधी वेळ बदला. PMSF हे सेरीन प्रोटिएज बंद पाडणारं रसायन सेरीन १९५ ला असिलसारखंच चिकटतं, पण कार्बनऐवजी गंधकाने, आणि तो बंध पाण्याला सहजी सोडवता येत नाही. एन्झाइम पहिल्या टप्प्यावर अडकून राहतं. मात्र हेच PMSF बफरमधल्या पाण्यानेही फुटतं. २५ अंशांना pH ८ वर त्याचा अर्धायुकाल जेमतेम ३५ मिनिटं, pH ७ वर दोन तासांच्या आत. सकाळच्या बफरमध्ये दुपारी ते उरलेलंच नसतं. निर्जल आयसोप्रोपेनॉलमध्ये साठवण करा, पेशी फोडण्याच्या अगदी आधी घाला आणि काम लांबलं तर पुन्हा घाला. हाताळताना हातमोजे घाला, ते विषारी आहे.

ताजं PMSF घालूनही तुकडे होत राहिले, तर तोडणारं एन्झाइम बहुधा सेरीनचं नाही. थोड्या नमुन्यात धातूचे आयन पकडून ठेवणारं EDTA घालून पाहा. तुकडे थांबले तर ते धातूवर चालणारं प्रोटिएज आहे.