बेळगावात टिकणारं पॅचवर्क कारवारात कडेने का उखडतं?

प्रश्न: आम्ही बेळगावला असतो, पण कारवारला समुद्राजवळ वडिलांनी बांधलेलं घर आहे. तीन वर्षांपूर्वी हॉलच्या स्लॅबचे पोपडे पडले म्हणून इथूनच मेस्त्री नेऊन सगळं फोडून नवीन माल भरून घेतला. भरलेला भाग आजही शाबूत आहे, पण त्याच्या कडेने चिरा पडून नवे पोपडे सुटतायत. मेस्त्रीने फसवलं का? आता काय करायचं?

उत्तर:

मेस्त्रीने फसवलेलं दिसत नाही. त्याने भरलेला माल शाबूत आहे, म्हणजे काम मन लावून केलंय. पण त्याने बेळगावचा इलाज कारवारच्या दुखण्याला लावला. दुरुस्तीच्या कामात उतरलो तेव्हा हीच चूक मी स्वतः कारवारातच केली होती, म्हणून सविस्तर लिहितो.

काँक्रीट मुळात अल्कलीयुक्त असतं. त्यामुळे आतल्या सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो आणि तो असेपर्यंत सळई गंजत नाही. बेळगावातल्या टिळकवाडी-शहापूरकडच्या जुन्या घरांत हा थर जातो तो बहुतेक हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. तो वर्षानुवर्षं हळूहळू आत शिरतो, काँक्रीटची अल्कली मारतो, आणि मग पावसाळ्यातली गळती पुरेशी ठरते. तिथे खराब भाग फोडून, सळई घासून, चांगला माल भरला आणि गळती थांबवली की काम टिकतं.

समुद्राकाठी शत्रू वेगळा आहे. खाऱ्या वाऱ्यातलं क्लोराइड काँक्रीटमध्ये झिरपतं आणि अल्कली शाबूत असतानाही तो थर जागोजागी फोडतं. ओळखायची सोपी खूण आहे. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फथॅलीनचं द्रावण मारा. सळईभोवती रंग गडद गुलाबी आला, म्हणजे अल्कली जिवंत आहे, आणि तरीही सळईला खड्डे पडलेत, तर ते मिठाचं काम.

आता कडेचं कोडं. मिठाने गंजणारी सळई ही एक बॅटरीच असते. एक जागा गंजते, आणि ती गंजत असते तोवर तिच्या शेजारचा भाग, तिथेही मीठ असूनसुद्धा, वाचलेला राहतो. गंजणारी जागा जणू शेजाऱ्याचा वार अंगावर झेलत असते. आपण नेमकी तीच जागा स्वच्छ करून नव्या, बिनमिठाच्या मालात बंद करतो. शेजाऱ्याचं कवच गेलं. जुन्या काँक्रीटमधली सळई आता स्वतः गंजू लागते, आणि दोन-चार वर्षांत पॅचच्या चारी बाजूंनी चीर उठते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, म्हणून वरचं काँक्रीट ढकललं जातं.

माझ्या त्या कामात दुसऱ्या वेळी आधी मिठाची तपासणी केली. स्लॅबला ड्रिल मारून आत जाताना तीन थरांतली पूड वेगवेगळी गोळा केली. काँक्रीटच्या वजनात क्लोराइड निघालं असं: बाहेरच्या १५ मिमीत ०.१८ टक्के, १५ ते ३० मिमीत ०.०९ टक्के, त्याच्या आत ०.०४ टक्के. सळई २० मिमीवर होती, म्हणजे मधल्या थरात. एक घनमीटर काँक्रीट साधारण २४०० किलो धरा, त्याचे ०.०९ टक्के म्हणजे २.१६ किलो. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात नवीन लोखंडी काँक्रीट ओततानाची मर्यादा घनमीटरला ०.६ किलो आहे. न फोडलेला, ठोकल्यावर खणखणीत वाजणारा भागही असा भरलेला होता. आकडे आत जाताना उतरत होते, म्हणून मीठ बाहेरून आलं होतं. तिन्ही थरांत आकडा सारखाच आला असता, तर खाडीच्या वाळूचा किंवा खाऱ्या पाण्याचा संशय घ्यावा लागला असता, आणि मग अख्खा स्लॅब नवा ओतण्याचाच विचार करावा लागतो. तुम्हीही फोडाफोडीआधी ही तपासणी करून घ्या.

मग काम असं केलं. स्लॅबखाली टेकू दिले. हातोडीने ठोकून पोकळ आवाजाचा भाग खडूने आखला आणि गंज संपून सळई स्वच्छ दिसेपर्यंत पुढे सरकत गेलो. कडा ग्राइंडरने सरळ कापल्या, कारण निमुळत्या कडेचा माल पहिल्यांदा सुटतो. सळईच्या मागेही २० ते २५ मिमी मोकळं केलं. सळईचा फक्त पुढचा भाग घासून मागचा मिठात ठेवला तर सगळी मेहनत फुकट. नंतर वायरब्रश आणि गोड्या पाण्याचा जोरदार फवारा. खड्ड्यांत बसलेलं मीठ नुसत्या ब्रशने निघत नाही.

सळई व्हर्नियरने मोजली. ८ मिमीची ६.५ मिमी उरलेली. दिसायला थोडीच झीज, पण ताकद क्षेत्रफळावर असते, आणि ते जवळपास एक तृतीयांश गेलं होतं. तिथे शेजारी नवीन सळई जोडली, झिजलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंना चांगल्या सळईवर ४०० मिमीची लॅप घेऊन.

आणि मग पहिल्या वेळी जे केलं नव्हतं ते केलं: पॅचच्या कडेने, आतल्या बाजूला, सळईला जस्ताचे अॅनोड बांधले. ही मसाल्यात गुंडाळलेली, तारा सोडलेली छोटी वडी असते. शेजाऱ्याच्या वतीने गंजायचं काम आता ती जस्ताची वडी करते. तार बांधल्यावर मल्टिमीटरने सळईशी जोड तपासायची. जोड नसेल तर आत नुसता दगड पुरल्यासारखं. इथे सळईला इपॉक्सी रंग किंवा पॅचला इपॉक्सी मॉर्टर नको, कारण वीज वाहायला वाट राहत नाही. आम्ही कडा ओल्या करून, पाणी साचू न देता, पॉलिमर मिसळलेलं सिमेंट मॉर्टर थराथराने भरलं आणि ओलं ठेवलं. अॅनोडची मर्यादाही सांगतो: त्याचा प्रभाव आसपासच्या फूटभरातच असतो, आणि जस्त संपलं की तोही संपतो. अख्खा स्लॅब मिठाने भरलेला असेल तर एवढ्यावर भागत नाही.

बाहेरच्या, समुद्राकडच्या भिंती आणि कॉलमवर सिलेन मारलं की पाणी आणि नवं मीठ आत जाणं कमी होतं. पण आत आधीच साचलेल्या मिठावर नुसता जाड रंग चढवणं हा इलाज नाही. चिरा झाकल्या जातात, गंज चालूच राहतो.

तुमच्या घराला बाहेर आलेली गॅलरी किंवा सज्जा असेल तर त्याची आधी काळजी घ्या. तिथली मुख्य सळई वरच्या बाजूला, फरशीखाली असते, म्हणून खालून सगळं ठीक दिसत असतानाही वर ती कुजलेली असू शकते. फरशी उचलून भिंतीलगत पाहायचंच, पण तो भाग फोडण्याआधी खालून जमिनीपर्यंत टेकू दिलेले असलेच पाहिजेत, आणि ते झाल्याशिवाय त्या गॅलरीत कुणाला उभं राहू देऊ नका.