प्रिंटर शाईच्या टँकचा घेऊ का लेझर?

भावा, आधी एवढंच सांग, प्रिंटर सलग किती दिवस बंद पडून राहणार? पंधरा-पंधरा दिवस हात लागणार नसेल तर टँकच्या नादाला लागू नको, शाई हेडमध्ये वाळते, मग हेड क्लीनिंग मारत बसायचं आणि त्यातच निम्मी बाटली जाते. लेझरची पावडर असते, ती वाळत नाही. पोरांचे रंगीत प्रोजेक्ट असतील, रोज चार पानं निघणार असतील तर मात्र टँकच.

आता टोनर, म्हणजे लेझरच्या पावडरीचं कार्ट्रिज. दुसऱ्या कंपनीचा कंपॅटिबल स्वतःच्या नावाने विकतात, त्यात फसवणूक काही नाही. डुप्लिकेट म्हणजे ओरिजिनलच्या खोक्यात भरलेला भलताच माल. मी सांगलीत एकदा निम्म्या किमतीत एचपीचा ‘ओरिजिनल’ ८८ए टोनर घेतला, दीडेक हजार पानं निघायला पाहिजेत, तीनशेतच पान राखाडी आणि आत पावडर सांडलेली! तेव्हा:

- सीलवरचा क्यूआर दुकानातच कंपनीच्या साइटवर तपास
- पक्कं बिल घे, त्यावर मॉडेल नंबर पाहिजे
- रिकामं खोकं फाडूनच टाक, तेच परत भरून विकतात

आणि नव्या लेझरसोबत येणारा टोनर बऱ्याचदा कमी भरलेला असतो, लवकर संपला म्हणून दुकानदाराशी भांडू नको.